पन्नास डझन हापूस आणि एकाच प्रश्नाची तीन उत्तरं

एप्रिलमधल्या त्या रविवारी सकाळी सातला देवगडचा टेम्पो नेरूळला आमच्या सोसायटीच्या गेटसमोर लागला आणि सात चाळीसला रिकामा झाला. रांगेतले निम्म्याहून जास्त लोक हात हलवत घरी गेले. भाव होता ५५० रुपये डझन. आंबे आले होते फक्त ५० डझन.

हा भाव कमिटीने ठरवला होता. बागायतदार सातशेच्या आसपास म्हणत होते. कमिटीचं म्हणणं असं होतं, की सातशे रुपये डझन सगळ्यांना परवडत नाहीत, मधला दलाल नाही तर भाव उतरलाच पाहिजे. हेतू चांगला होता, आणि ते मी आधीच सांगून ठेवतो. पण त्याच संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात “या भावाने ग्राहकांचा नेमका किती फायदा झाला?” हा प्रश्न निघाला, तेव्हा त्याची तीन वेगवेगळी उत्तरं आली. तिन्ही उत्तरं एकाच आलेखावरून काढलेली होती. मी ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. उपभोक्त्याचं संतोषाधिक्य आणि उत्पादकाचं आधिक्य ही दोन क्षेत्रफळं दरवर्षी फळ्यावर काढतो. पण त्या आलेखात किती गोष्टी गृहीत धरलेल्या असतात, ते मला स्वतःला त्या संध्याकाळी जितकं स्पष्ट दिसलं तितकं आधी कधी दिसलं नव्हतं.

हे मोजता आलं, कारण आमच्याकडे चिठ्ठ्या होत्या. किती आंबे मागवायचे याचा अंदाज घ्यायला आदल्या गुरुवारी मी घरोघर चिठ्ठी दिली होती. तिच्यात फ्लॅट नंबर आणि एकच प्रश्न: पहिल्या डझनासाठी तुम्ही जास्तीत जास्त किती रुपये द्याल, दुसऱ्यासाठी किती, तिसऱ्यासाठी किती? खाली ठळक लिहिलं होतं, की पैसे चिठ्ठीतल्या आकड्याने घेतले जाणार नाहीत, सगळ्यांना एकच भाव असेल. ही ओळ महत्त्वाची. ती नसती तर प्रत्येकाने आकडा मुद्दाम कमीच लिहिला असता.

११२ चिठ्ठ्या परत आल्या. त्यातली बी-विंगमधल्या एका काकूंची चिठ्ठी समोर ठेवतो. पहिला डझन १०५०, कारण मुलगी बाळंतपणाला आली आहे. दुसरा ८००. तिसरा ६००, “आमरसाला, स्वस्त मिळाला तर”. समजा भाव ७०० आहे. काकू दोन डझन घेतील आणि १४०० रुपये देतील. पण त्या दोन डझनांसाठी त्या १८५० द्यायला तयार होत्या. मधले ४५० रुपये हे त्यांचं संतोषाधिक्य. तिसऱ्या डझनाचं मोल त्यांच्या लेखी ६०० आहे, म्हणून तो त्या घेतच नाहीत. तिथे ना फायदा ना तोटा, हिशेबात तो येतच नाही.

अशा सगळ्या चिठ्ठ्यांतला एकेक डझन घेऊन मोठ्या आकड्यापासून लहान आकड्यापर्यंत ओळीने मांडला, की उतरता जिना तयार होतो. तोच मागणी वक्र. आमचा जिना बऱ्यापैकी सरळ उतरत होता, म्हणून मी त्यावर एक सरळ रेषा टेकवली:

किंमत = १२०० − ५ × डझन

म्हणजे सगळ्यांत वरच्या पायरीला आंब्याचं मोल १२०० च्या जवळ, आणि पुढच्या प्रत्येक डझनामागे ते ५ रुपयांनी उतरतं. १८४४ साली ज्यूल द्युप्वी या फ्रेंच अभियंत्याने पुलासारख्या सार्वजनिक कामांचं मोल काढताना हाच विचार केला होता: लोक प्रत्यक्षात किती देतात ते नव्हे, तर किती द्यायला तयार होते ते पाहा. पुढे इंग्लिश अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी आपल्या अर्थशास्त्राच्या ग्रंथात चहाच्या उदाहरणाने तो रुजवला. काकूंच्या चिठ्ठीत मी केलं ते मार्शल यांचंच गणित आहे, फक्त चहाच्या जागी हापूस.

पुरवठ्याची बाजू फोनवर उलगडली. सहा बागायतदार होते. प्रत्येकाला विचारलं, की कमीत कमी किती भाव मिळाला तर किती डझन द्याल? एकाच वजनाची फळं, एकाच प्रतीची, तरी उत्तरं वेगळी आली, आणि कारणंही वेगळी. एकाचा माल त्याच रात्री वाशीच्या फळबाजारात निघालाच होता. टेम्पोत जागा होती, नेरूळ वाटेतच. आडत आणि हमाली वजा जाता वाशीत हातात जे पडलं असतं त्यापेक्षा जरा जास्त मिळालं की तो खूश. त्याचे पहिले डझन चारशेच्या थोडे वर आले. दुसऱ्याला खास आमच्यासाठी माणूस लावून फळं निवडायची होती. तिसऱ्याचा माल गावातल्या व्यापाऱ्याला आधीच बोललेला होता आणि तो शब्द मोडायची किंमत त्याने साडेसहाशेच्या वर लावली. हे सगळे डझन लहान आकड्यापासून मोठ्या आकड्यापर्यंत मांडले, की चढता जिना मिळतो:

किंमत = ४०० + ३ × डझन

दोन रेषा १०० डझनांवर, ७०० रुपयांना छेदतात. ही समतोल किंमत, म्हणजे या भावाला जेवढे डझन हवे तेवढेच येतात. त्या उंचीवर एक आडवी रेषा ओढा. तिच्या वर आणि मागणी वक्राच्या खाली जो त्रिकोण उरतो त्याचा पाया १०० डझन, उंची १२०० वजा ७०० म्हणजे ५०० रुपये. क्षेत्रफळ २५,००० रुपये, हे ग्राहकांचं. रेषेच्या खाली आणि पुरवठा वक्राच्या वर दुसरा त्रिकोण, त्याचा पाया तोच, उंची ३०० रुपये, क्षेत्रफळ १५,००० रुपये, हे बागायतदारांचं, म्हणजे कमीत कमी ज्या भावाला ते द्यायला तयार होते त्याच्यावर मिळालेले पैसे. एकूण ४०,०००. क्षेत्रफळाचं एकक चौरस वगैरे काही नसतं हे विद्यार्थी विसरतात. आडव्या अक्षावर डझन आणि उभ्या अक्षावर दर डझनाचे रुपये असले, की गुणाकार थेट रुपयांत येतो.

आता त्या संध्याकाळची उत्तरं.

पहिलं उत्तर खजिनदार काकांचं. ते बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबात पक्के. त्यांनी माझ्या कागदावर ५५० ची आडवी रेषा ओढली, ती मागणी वक्राला १३० डझनांवर भेटली. वरचा सगळा त्रिकोण त्यांनी धरला: १३० गुणिले ६५०, भागिले दोन. ४२,२५० रुपये. “पंचवीस हजारांवरून बेचाळीस हजारांवर गेला लोकांचा फायदा, मग चुकलं कुठे?” असं त्यांनी विचारलं.

चुकलं ते पायात. १३० डझन लोकांना हवे होते, पण आले ५०. ५५० ला बागायतदार पन्नासच डझन द्यायला तयार होते, हे पुरवठ्याची रेषाच सांगत होती. तिसऱ्या बागायतदाराने तर फोनवरच सांगितलं होतं, “ह्या भावात माका परवडणा नाय,” आणि त्याने एकही पेटी पाठवली नाही. आधिक्य विकल्या गेलेल्या डझनावर मिळतं, मागितलेल्या डझनावर नाही. भाव समतोलाच्या खाली बांधला, की क्षेत्रफळाची उजवी भिंत पुरवठा ठरवतो. काकांनी हे एका वाक्यात मान्य केलं आणि पेन बारावीतल्या एका मुलीकडे दिलं. ती माझी विद्यार्थिनी, सी-विंगमध्ये राहते.

तिने ५० डझनांवर उभी रेषा ओढली. तिथे मागणी वक्राची उंची ९५०. डावीकडच्या भागाचे तिने दोन तुकडे केले. वर त्रिकोण: ५० गुणिले २५०, भागिले दोन, म्हणजे ६,२५०. खाली आयत: ५० गुणिले ४००, म्हणजे २०,०००. बेरीज २६,२५०. बागायतदारांचा त्रिकोण आक्रसून ५० गुणिले १५० च्या निम्मा, म्हणजे ३,७५० रुपये झाला. एकूण ३०,०००. चाळीस हजारांतले दहा हजार कोणाच्याच पदरात पडले नाहीत. ते ५० आणि १०० डझनांच्या मधल्या, दोन वक्रांमधल्या त्रिकोणात अडकले. पुस्तकं त्याला डेडवेट लॉस म्हणतात. न आलेल्या पन्नास डझनांचा तो हिशेब.

परीक्षेत या उत्तराला पूर्ण गुण मिळाले असते. ग्राहकांकडे बागायतदारांच्या हिश्शातून ७,५०० आले, न मिळालेल्या आंब्यांपायी ६,२५० गेले, निव्वळ १,२५० चा फायदा. कमिटीला जरा धीर आला. थोडासा का होईना, लोकांचा फायदा झाला होता ना?

माझ्या मनात मात्र रांगेतली एक गोष्ट घोळत होती. बाळंतीण मुलगी घरी असलेल्या त्या काकू सव्वासातला खाली उतरल्या आणि रिकाम्या हाताने परतल्या. त्यांच्या पुढे उभे असलेले, सकाळी फिरून आलेले एक गृहस्थ दोन डझन घेऊन गेले. त्यांची चिठ्ठी मला आठवत होती: पहिला ६५०, दुसरा ५६०. बारावीतल्या त्या मुलीच्या आलेखात उभ्या रेषेच्या डावीकडे वरच्याच पन्नास पायऱ्या होत्या, म्हणजे आंबे ९५० किंवा त्याहून जास्त मोल लावणाऱ्यांनाच मिळाले असं तो आलेख धरून चालतो. भाव जेव्हा मोकळा असतो तेव्हा हे आपोआप होतं, कारण ज्याच्या लेखी मोल भावापेक्षा कमी तो स्वतःहून बाजूला होतो. ५५० ला मात्र १३० डझनांचे दावेदार रांगेत, आणि कोण लवकर उठलं यावर निवड. रांग कोणाची चिठ्ठी वाचत नाही.

सचिवांकडे गेटवरची यादी होती, फ्लॅट नंबर आणि डझन. ती यादी आणि चिठ्ठ्या शेजारी ठेवून आम्ही तिघांनी तासभर बसून प्रत्येक विकल्या गेलेल्या डझनासमोर त्याचा चिठ्ठीतला आकडा लिहिला. पन्नास डझनांची सरासरी आली ८७० रुपये. त्यातून ५५० वजा केले की ३२०, गुणिले ५०, म्हणजे १६,००० रुपये. हे तिसरं उत्तर, आणि झालेला फायदा खरोखर एवढाच होता.

हा आकडा योगायोगाने आलेला नाही, हे मुलीने पडताळून दाखवलं. १३० डझनांचं मोल १२०० पासून ५५० पर्यंत एकसारखं उतरतं, सरासरी ८७५. त्यातून डोळे मिटून कुठलेही पन्नास उचलले तरी सरासरी साधारण तीच राहील. म्हणजे ३२५ गुणिले ५०, १६,२५०. आमच्या यादीतली ८७० ही सरासरी त्याला चिकटूनच होती. रांगेने आंबे जवळजवळ सोडतीसारखे वाटले होते.

म्हणजे ग्राहकांचं आधिक्य २५,००० वरून २६,२५० वर चढलं नाही, १६,००० वर उतरलं. बागायतदारांचं १५,००० वरून ३,७५०. दोन्ही मिळून चाळीस हजारांचे १९,७५० राहिले. हरवलेल्या वीस हजारांपैकी निम्मे न आलेल्या आंब्यांमुळे, आणि निम्मे आलेले आंबे भलत्या घरी गेल्यामुळे. हा दुसरा निम्मा भाग पुस्तकातल्या त्रिकोणात दिसतच नाही. रांगेत लोकांनी घालवलेला वेळ तर मी अजून वजाही केलेला नाही. काही जण साडेपाचपासून उभे होते.

दुपारी आणखी एक गोष्ट घडली होती, जिच्यावर सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बरीच चिडचिड झाली. एका घराने आपला एक डझन शेजारच्यांना ९०० ला दिला. देणाऱ्यांच्या चिठ्ठीत ६०० होते, घेणाऱ्यांच्या चिठ्ठीत ११००. नफेखोरी म्हणून लोक रागावले, आणि तो राग मला समजतो. पण आलेखावर पाहिलं तर त्या एका व्यवहाराने हरवलेल्यातले ५०० रुपये परत आले: ३०० देणाऱ्याकडे, २०० घेणाऱ्याकडे. अशी देवघेव सगळ्यांनी केली असती तर एकूण बेरीज मुलीच्या उत्तरापर्यंत चढली असती. फक्त त्यातला मोठा वाटा आधी रांगेत पोचलेल्यांच्या खिशात गेला असता.

कमिटीच्या एका सदस्य ताईंनी मग खरा आक्षेप घेतला. “सर, तुमच्या कागदावर रुपये जास्त लिहिणाऱ्याला आंबा जास्त हवा असं धरलंय. आमच्या मजल्यावर एका पेन्शनीत चालणारं घर आहे. त्यांनी ५८० लिहिले, म्हणून त्यांना आंबा कमी आवडतो का?” नाही. आणि ही या मापाची खरी मर्यादा आहे. मागणी वक्राची उंची इच्छा आणि ऐपत दोन्ही मिळून बनते, आणि क्षेत्रफळ रुपये मोजतं, समाधान नव्हे. प्रत्येकाचा रुपया सारख्या वजनाचा धरल्याशिवाय ही बेरीजच करता येत नाही.

म्हणून आम्ही त्या घरांचा हिशेब वेगळा काढला. ७०० ला ज्यांना परवडलं नसतं पण ५५० ला परवडत होतं असे डझन ३०. सोडतीच्या न्यायाने ५० डझनांतले त्यांच्या वाट्याला साडेअकराच्या आसपास येतात. त्यांचं सरासरी मोल ६२५, म्हणजे डझनामागे ७५ रुपयांचा फायदा, एकूण ९०० च्याही आत. ज्यांच्यासाठी भाव खाली ओढला त्यांच्यापर्यंत वीस हजारांच्या बदल्यात नऊशे पोचले होते. ताईंनी तो आकडा दोनदा वाचला. त्यांचा मुद्दा बरोबरच होता; तो साधायला निवडलेला मार्ग तो मुद्दा साधत नव्हता.

बागायतदारांच्या बाजूबद्दल थोडं बोलायला हवं, कारण तिथे “पंधरा हजार नफा” हा शब्द लगेच तोंडात येतो. उत्पादकाचं आधिक्य म्हणजे नफा नव्हे. एप्रिलात फळ झाडावरून उतरलेलं असतं. फवारण्या, मोहोरासाठी झाडाला घातलेलं कल्टार, राखणदाराचा पगार, हे सगळे पैसे केव्हाच गेलेले असतात. त्या रविवारी आंबा नेरूळला द्यायचा की वाशीला, या निर्णयात तो खर्च येत नाही, म्हणून तो पुरवठ्याच्या रेषेखालीही नाही. पण वर्षाच्या शेवटी तो भरून काढायचा असतो तो याच त्रिकोणातून. ३,७५० माल पाठवणाऱ्यांत वाटले तर कोणाचाही एका फवारणीचा खर्चसुद्धा निघणार नाही. असा भाव एक रविवार बांधला तर फक्त आंबे कमी येतात. दरवर्षी बांधला तर बागायतदार आमच्या यादीतून नाव काढतात आणि पुरवठ्याची अख्खी रेषाच डावीकडे सरकते. ते नुकसान या कागदावर मोजलेलं नाही.

चिठ्ठ्यांवर किती विश्वास ठेवायचा, हाही प्रश्न होताच. जिन्यात नेमक्या ५०० वर एक रुंद पायरी होती, आजूबाजूच्या पायऱ्यांपेक्षा बरीच रुंद. खऱ्या पसंतीत असा गठ्ठा क्वचित येतो. “कमी लिहिलं तर भाव उतरेल” असं ठरवून लिहिल्याची ती खूण. यादीशी ताडून पाहिलं तर ५०० लिहिणारी चार घरं ५५० देऊन आंबे घेऊन गेली होती. त्यांचे डझन मी सरासरीत ५५० धरले, म्हणजे त्यांचं आधिक्य शून्य मानलं. खरं तर ते जास्त असणार, त्यामुळे १६,००० चा आकडा किंचित कमी निघाला असेल.

पुढच्या रविवारसाठी गुरुवारी पुन्हा चिठ्ठ्या घेतल्या. वाशीत आवक वाढली होती, लोकांचे आकडे थोडे उतरले होते. मागणीची रेषा आता ११६० पासून सुरू होत होती, पुरवठ्याची तीच होती. छेद ९५ डझनांवर, ६८५ रुपयांना. कमिटीने सुटे पैसे टाळायला ६८० भाव जाहीर केला. टेम्पोत ९३ डझन आले. सातला रांग नव्हती, लोक साडेनऊपर्यंत निवांत येत राहिले, आणि शेवटी दोन-तीन घरंच राहिली, समतोलापेक्षा भाव पाच रुपये खाली ठेवल्यावर जेवढी राहायला हवीत साधारण तेवढीच. पेन्शनीत चालणाऱ्या घरांसाठी ताईंनी वेगळी वाट काढली होती. सोसायटीच्या सांस्कृतिक निधीतून त्यांना डझनामागे दीडशे रुपये परत द्यायचे, नावं फक्त त्यांच्याकडेच राहतील. बागायतदारांना पूर्ण ६८० मिळाले.

काकूंनी दोन डझन नेले. जाताना त्यांनी पेटीतलं एक फळ काढून देठाजवळ नाक नेलं, आणि “मुलगी आज खूश होईल” म्हणाल्या.